किती मिनिटं, आणि कशावरून?

न्यू जर्सीतलं एडिसन असो की कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या शनिवारी सकाळी सॉकरच्या मैदानाकडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या आईबापांत मराठी बोलणं ऐकू येतंच. मॅच सुरू असते तोवर टाळ्या असतात. खरं बोलणं होतं ते परतताना गाडीत. "हिला आजही बसवूनच ठेवलं," असं एक जण म्हणतो, मागच्या सीटवरची मुलगी खिडकीबाहेर बघते, आणि घरी पोचेपर्यंत कोचला ईमेल लिहायचं ठरलेलं असतं.

यातले बरेच पालक ज्या शाळांत शिकले तिथे सरांना असं काही विचारण्याची पद्धतच नव्हती. अकरांत नाव लागलं तर लागलं, नाही तर घरी. शिवाय आपण वाढलो ते क्रिकेटवर. तिथे प्रश्नच सोपा, तुम्ही अकरांत आहात किंवा नाही. सॉकरमध्ये, तेही अमेरिकेतल्या लहान मुलांच्या सॉकरमध्ये, खेळाडू आत-बाहेर करण्यावर सहसा बंधन नसतं. बाहेर गेलेली मुलगी पुन्हा आत येते. त्यामुळे प्रश्न "घेतलं का" असा न राहता "किती मिनिटं" असा होतो, आणि मिनिटं मोजायची म्हटली की त्यांचा हिशेबही मागता येतो. तो मागायचा कसा, हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं. मग एक तर पालक पूर्ण गप्प बसतात, नाही तर रात्री साडेदहाला तीन पानी ईमेल पाठवतात.

आधी हे पाहू की कोणत्या संघात विचारायचा हक्क किती आहे, कारण तो सगळीकडे सारखा नाही. अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन, म्हणजे सगळे ज्याला 'एवायएसओ' म्हणतात ती संस्था, १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सला सुरू झाली. प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात किमान निम्मा वेळ खेळवायचंच, हे तिचं मूळ तत्त्व आहे. तिथला कोच बहुधा कुणाचा तरी बाबा किंवा आई असतो, मानधन न घेणारा. सामन्याचे चार भाग धरून बदल करायचे आणि कोण कोणत्या भागात बाहेर बसलं याची खूण संघाच्या कार्डावर करायची, अशी तिथली रूढ पद्धत. बेसबॉलच्या लिटल लीगमध्ये घड्याळच नसतं, म्हणून तिथलं मापही वेगळं: समोरचे सहा जण बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा बॅटिंग. अशा ठिकाणी पालकाचा प्रश्न सरळ नियमाचा असतो.

त्याच्या वरची पायरी म्हणजे निवडचाचणी घेऊन मुलं घेणारे क्लब. फी हजारो डॉलरच्या घरात, कोच पगारी, आणि त्याच्याकडे बहुधा एकापेक्षा जास्त संघ. इथे वेळेचं आश्वासन असलंच तर ते क्लबच्या पालक-पुस्तिकेत असतं, आणि "मोसमभरात साधारण निम्मा वेळ" अशा सैल शब्दांत. आणखी वर हायस्कूलचा संघ. कित्येक हायस्कूलांच्या पुस्तिकेत पालकांनी कोचशी काय बोलू नये याची यादीच असते: खेळण्याचा वेळ, डावपेच आणि दुसऱ्यांची मुलं. हे वाचून पालक चिडतात, पण त्याच पुस्तिकेत बहुतेक वेळा आणखी एक यादी असते, काय बोलता येईल याची. मुलाने सुधारण्यासाठी काय करावं, त्याच्या वागण्याबद्दल काही काळजी आहे का, असे विषय तिच्यात असतात. म्हणजे "तिला जास्त खेळवा" म्हणायला बंदी आहे, पण "तुम्ही कशावरून ठरवता आणि तिने काय करायला हवं" हे विचारायला तिथेही दार उघडं आहे. माझ्या मते चांगलं ईमेल या फटीतूनच आत जातं, मग संघ कुठल्याही पायरीवरचा असो.

आता एक नमुना घेऊ. अकरा-बारा वर्षांच्या मुलींचा क्लब संघ. या वयात नऊ विरुद्ध नऊ खेळतात आणि तीस-तीस मिनिटांचे दोन डाव असतात. संघात १४ मुली. मोसमाचे १२ पैकी १० सामने झालेत. पुस्तिकेत लिहिलंय की मोसमाच्या सरासरीने प्रत्येकीला किमान निम्मा वेळ मिळेल, म्हणजे ३० मिनिटं. आईने फोनवर मोजलेले शेवटचे चार सामने असे आहेत: २२, २५, १८, २४. सरासरी बावीस. तिच्या लेखी गोष्ट इथेच संपली, अन्याय सिद्ध झाला.

जरा थांबू. १४ मुली आल्या तर कुणाच्या वाट्याला किती यायला हवं? गोलकीपर संपूर्ण सामना उभी राहते असं धरलं, तर उरतात आठ जागा आणि साठ मिनिटं, म्हणजे ४८० मिनिटं. ती १३ जणींत वाटली की प्रत्येकीला ३७ च्या आसपास येतात. पण कोच मिनिटं अशी सुट्टी वाटत नाही. तो पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग करतो आणि भाग संपला की मुली बदलतो. प्रत्येक भागात पाच जणी बाहेर, चार भाग मिळून बाकावरच्या वीस जागा. या वीस जागा तेरा जणींत वाटायच्या तर सात जणींना दोनदा बसावं लागतं आणि सहा जणींना एकदाच. म्हणजे अगदी काटेकोर न्यायी कोचच्या सामन्यातही सात मुली ३० मिनिटं खेळतात आणि सहा मुली ४५. पंधरा मिनिटांचा हा फरक कुणाचा लाडका-दोडका असल्यामुळे पडत नाही, भागाकार नीट जात नाही म्हणून पडतो. एका सामन्यात मुलगी त्या सात जणींत असणं यात तक्रारीसारखं काही नाही. दर वेळी ती त्या सातांतच असेल तर मात्र विचारायला हवं.

आपल्या नमुन्यातली आई म्हणेल, पण हिला तर तीसही नाही मिळाली! खरंय. २२ हा आकडा पंधराच्या पाढ्यात बसतच नाही, म्हणजे हा कोच चार भागांची पद्धत पाळत नाही, किंवा सामना तापला की सोडून देतो. हे कडेला बसूनही ओळखता येतं. आराखडा घरून लिहून आणणारा कोच ठरावीक वेळेला तीन-चार मुली एकदम बदलतो. आराखडा नसलेला कोच चेंडूमागे डोळे लावून उभा असतो, पन्नासाव्या मिनिटाला त्याचं बाकाकडे लक्ष जातं, आणि मग घाईघाईने दोघी आत जातात. असा कोच मुद्दाम कुणाला बसवत नाही. कोण किती वेळ बसलंय याची नोंद कुणाकडे नसते, एवढंच. "वेळेची नोंद कशी ठेवता?" या एका साध्या प्रश्नाने इथे बरंच काम होतं, कारण नोंद नसेल तर ती पुढच्या शनिवारपासून सुरू होण्याची शक्यता असते.

दुसरी अडचण मोजण्याच्या मुदतीची. आईने शेवटचे चार सामने मोजले. आधीच्या सहा सामन्यांत मुलगी ३४, ३१, ३६, २८, ३० आणि ३३ मिनिटं खेळली होती, तेव्हा कुणी तक्रार करावी असं काही नव्हतं. दहा सामन्यांची बेरीज २८१, सरासरी २८. पुस्तिकेतली अट आहे मोसमाच्या सरासरीची, आणि तिथे ती जेमतेम दोन मिनिटांनी कमी पडते. कोच मोसम बघतोय, आई महिना बघतेय, आणि दोघांचे आकडे खरे आहेत. ईमेलमध्ये पहिलं विचारायचं ते हेच, की सरासरी कशाची धरता, एका सामन्याची की मोसमाची? हे न विचारता पाठवलेल्या ईमेलला "ती निम्म्याच्या आसपास खेळलीच आहे" असं एका ओळीचं उत्तर येतं आणि पालकाला वाटतं आपल्याला उडवून लावलं.

मोजताना स्वतःच्याच मुलीची मिनिटं मोजावीत. ती आत गेली तेव्हा आणि बाहेर आली तेव्हा सामन्याचं कितवं मिनिट होतं एवढं टिपलं की पुरे. एक-दोन मिनिटं इकडेतिकडे होणारच, म्हणून लिहिताना "सुमारे" लिहावं. दुसऱ्यांच्या मुली मोजायला लागलं की दोन गोष्टी होतात: खेळ बघायचा राहतो, आणि तो तक्ता कधी ना कधी ईमेलमध्ये उतरतोच. त्या क्षणी कोच उत्तर देऊ शकत नाही, कारण एका पालकाशी दुसऱ्याच्या मुलीबद्दल बोलायची त्याला बहुतेक क्लबांत मनाई असते. शिवाय त्याची गरजही नाही. वर केलेला भागाकार करायला फक्त आलेल्या मुलींची संख्या लागते.

ईमेल कधी पाठवायचं याला तिथे एक सर्वमान्य संकेत आहे, चोवीस तासांचा. सामना संपल्यावर एक दिवस जाईपर्यंत कोचशी तक्रारवजा काही बोलायचं नाही. कित्येक क्लब हा संकेत पुस्तिकेत छापतात आणि पालकांची सही घेतात. शनिवारचा सामना असेल तर रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी लिहावं. सामन्याच्या आदल्या रात्री तर नकोच, कारण मग दुसऱ्या दिवशी मुलगी आत गेली तरी ती ईमेलमुळे गेली असं सगळ्यांना वाटतं, तिला स्वतःलाही. आणि टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काहीही विचारू नये, "सहज विचारतेय" म्हणूनसुद्धा.

आता प्रत्यक्ष मजकूर. रात्रीच्या पहिल्या खर्ड्यात बहुधा तीन वाक्यं असतात: इतकी फी भरूनही मुलगी बसूनच असते, अमकीपेक्षा ती नक्कीच चांगली खेळते, तिचा उत्साह पार गेलाय. पहिल्याला उत्तर असं की फी सरावाची आणि संघातल्या जागेची असते, मिनिटांची नसते, आणि ते पुस्तिकेत लिहिलेलंही असतं. दुसऱ्याला कोच उत्तर देणार नाही. तिसरं वाक्य खरं असू शकतं, पण आरोप म्हणून लिहिलं की कोच बचावावर जातो. त्याऐवजी असं काही लिहिता येईल. मूळ ईमेल अर्थात इंग्रजीत जाणार, पण सूर हा:

"हाय कोच,

मोसमभर मुलींसाठी तुम्ही घेत असलेल्या मेहनतीबद्दल आभार. डाव्या पायाने पास द्यायला ती या वर्षी तुमच्याकडेच शिकली.

खेळण्याच्या वेळेबद्दल मला पद्धत समजून घ्यायची आहे. पुस्तिकेत सरासरी निम्मा वेळ असं म्हटलंय. ही सरासरी प्रत्येक सामन्याची धरायची की पूर्ण मोसमाची? वेळेची नोंद कशी ठेवली जाते? माझ्या टिपणानुसार शेवटच्या चार सामन्यांत ती सुमारे २२ मिनिटं खेळली, त्याआधी ३० च्या पुढे असायची. माझं मोजणं चुकलं असेल तर जरूर सांगा.

काही बदललं असेल, म्हणजे तिची जागा, सरावाची हजेरी किंवा खेळातलं काही, तर तिने नेमकं कशावर काम करावं हे कळलं तर बरं होईल. दुसऱ्या कुणा खेळाडूबद्दल मला काही विचारायचं नाही. या आठवड्यात सरावानंतर दहा मिनिटं बोलता आलं तरी चालेल.

धन्यवाद."

एवढंच. यात मागणी नाही, पण आकडा आहे. आकडा नसलेलं विनयशील ईमेल गोड वाटतं आणि गोडच उत्तर मिळवतं. "माझं मोजणं चुकलं असेल तर" हे शब्द निव्वळ शिष्टाचार म्हणून घातलेले नाहीत. ते वाचल्यावर कोचला स्वतःचे आकडे बाहेर काढावे लागतात, किंवा आकडे नाहीत हे कबूल करावं लागतं.

मुलगी बारा-तेराची झाली की तिनेच विचारावं असं बऱ्याच कोचांना वाटतं, आणि ते बरोबरच आहे. ईमेल तिने स्वतः लिहिलं तर त्यात पालकांचा पत्ता घालावा लागतो. २०१८ च्या कायद्यानंतर आणि सेफस्पोर्ट या केंद्राच्या नियमांनंतर कोच आणि अल्पवयीन खेळाडू यांच्यातला पत्रव्यवहार उघड असावा, त्यात पालक किंवा दुसरी मोठी व्यक्ती असावी, असं अमेरिकेतल्या ऑलिंपिक खेळांच्या संघटनांना बंधन आहे. सॉकर त्यात येतो.

उत्तर काय येतं? आपल्या नमुन्यातल्या कोचने तीन कारणं दिली असं समजू. एक, शेवटचे चारही सामने वरच्या संघांशी होते. दोन, ती विंगला खेळते आणि तिथे दोघी आलटूनपालटून असतात. तीन, तिचे दोन सराव चुकले.

दुसरं कारण सगळ्यात खरं असण्याची शक्यता असते, आणि पालकांना नेमकं तेच माहीत नसतं. कडेने धावणाऱ्या विंगरची दमछाक जास्त, म्हणून तिथे सारखे बदल होतात. मधली बचावपटू एकदा उभी राहिली की कोच तिला हलवायला धजत नाही, कारण तिथे चूक झाली की थेट गोल. जागेमुळे मिनिटं कमी पडत असतील तर उपाय जागेत आहे: दुसरी एखादी जागा शिकायला मिळेल का, हे विचारावं.

तिसऱ्या कारणात पुष्कळदा आपलं घर सापडतं. सॉकरचा शरद ऋतूतला मोसम आणि महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव एकाच वेळी येतात. नाचाची तालीम, रविवारची मराठी शाळा, आरतीनंतरचा कार्यक्रम, आणि त्यात गुरुवारचा सराव बुडतो. कोचला गणपती ठाऊक नसतो. त्याच्या लेखी ती न सांगता गैरहजर. तारखा ऑगस्टमध्येच कळवल्या तर ही रजा ठरते, आणि बरेच कोच कळवलेली रजा आणि दांडी यांत फरक करतात.

पहिलं कारण मात्र तपासून बघण्यासारखं आहे. वरच्या संघाशी खेळताना पुस्तिकेतली अट बाजूला ठेवायची सोय पुस्तिकेतच आहे का? नसेल तर ते कारण होत नाही, ती सवय होते. इथे वाद घालण्याऐवजी पुढचं गणित मांडावं. बारा सामन्यांची निम्मी मिनिटं ३६० होतात, तिची झालीत २८१. उरलेल्या दोन सामन्यांत ७९ मिनिटं हवीत, प्रत्येकी चाळीसच्या आत-बाहेर. समान वाट्याच्या ३७ पेक्षा हे जरा जास्त आहे, पण अशक्य नाही. असं मांडलेलं गणित नाकारायचं तर कोचला पुस्तिकाच नाकारावी लागते, आणि ते तो सहसा करत नाही.

आठवडा गेला, उत्तर नाही, तर एक आठवण पाठवावी. तरीही काही नाही, आणि अट लेखी असेल, तर त्या वयोगटाच्या समन्वयकाला तेच ईमेल पुढे पाठवावं, एक शब्दही न वाढवता. अट लेखी नसेल तर वर जाऊन फारसं काही हाती लागत नाही, कोचच्या हातात ती मुभा मुळातच दिलेली असते. हे निवडचाचणीनंतर सही करण्याआधी विचारायला हवं होतं.

तेव्हा विचारायचा आणखी एक प्रश्न असतो, आणि तो कोचच्या स्वभावापेक्षा मिनिटं जास्त ठरवतो: संघात किती मुली घेणार? यूएस सॉकरच्या मानकांप्रमाणे नऊ जणींच्या खेळात १६ पर्यंत खेळाडू घेता येतात. क्लबला प्रत्येक जादा नाव म्हणजे जादा फी. १२ मुलींच्या संघात गोलकीपर सोडून प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ४४ मिनिटं येतात. १६ मुली घेतल्या तर तोच कोच, तितकाच न्यायी, प्रत्येकीला ३२ च देऊ शकतो.